आलेखाखालच्या चार ओळी: पोषणाच्या ११ आलेखांवर भाष्य लिहितानाच्या नोंदी

काम असं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या (२०१५-१६) आणि पाचव्या (२०१९-२१) फेरीतले महाराष्ट्राचे आकडे घेऊन सहकाऱ्याने ११ आलेखांचं सादरीकरण केलं होतं. प्रत्येक आलेखाखाली तो काय दाखवतो आणि त्याचं महत्त्व काय, हे साठ-सत्तर शब्दांत लिहायचं काम माझ्याकडे आलं. वाचणार होत्या अंगणवाडी पर्यवेक्षिका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी. तालुक्याची कार्यशाळा २१ फेब्रुवारीला होती, म्हणजे हातात अठरा दिवस. असंच काम कुणाच्या वाट्याला आलं तर निदान माझ्या चुका तरी त्यांना टाळता याव्यात म्हणून या नोंदी ठेवल्या.

३ फेब्रुवारी

अकराही आलेखांचं भाष्य एका दुपारी लिहून काढलं. साधारण चार तास लागले आणि काम झपाट्याने उरकल्यासारखं वाटलं. पहिल्या आलेखाखाली लिहिलं होतं: "वरील आलेखावरून असे दिसून येते की, पाच वर्षांखालील मुलांमधील बुटकेपणाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के झाले आहे. ही बाब चिंताजनक आहे."

संध्याकाळी शेजारच्या बीटाच्या पर्यवेक्षिका ताईंना चार पानं वाचायला दिली. बावीस अंगणवाड्या त्यांच्याकडे आहेत आणि हे आकडे त्या रोज हाताळतात. त्यांनी पेन्सिल घेतली आणि "चिंताजनक" या शब्दाभोवती गोल काढला, चारही पानांवर. मग म्हणाल्या, "ताई, दांडा उंच आहे हे मला दिसतंय. आकडा दांड्यावरच लिहिलाय. तो तुम्ही खाली परत का लिहिलात? आणि मी नेमकी कशाची चिंता करू?"

पानावरचं सगळं भाष्य आलेखाकडे बघून मला दिसलं तेवढंच होतं. ते वाचणाऱ्यालाही दिसतंच.

५ फेब्रुवारी

नव्याने सुरुवात केली. लिहिण्याआधी प्रत्येक आलेखासाठी एक चिठ्ठी भरायची असं ठरवलं. कोणाचं मोजलं, कधी मोजलं, कशाने मोजलं, आणि हे वाचून वाचणारी बाई उद्या काय वेगळं करेल, इतक्याच चार गोष्टी. चौथ्या जागी काही सुचलं नाही तर तो आलेख सादरीकरणात का आहे, हे सहकाऱ्याला विचारायचं.

पहिल्या दोन चिठ्ठ्यांतच घोळ सापडला. एकाच स्लाइडवर बुटकेपणा आणि रक्तक्षय शेजारी-शेजारी होते आणि वर एकच मथळा होता, "पाच वर्षांखालील मुले". सर्वेक्षणात बुटकेपणा जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांचा मोजतात. रक्तक्षय मात्र फक्त ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांचा मोजला जातो. दोन दांडे दोन वेगळ्या गटांचे असताना माझ्या भाष्यात "याच मुलांपैकी दुप्पट मुलांना रक्तक्षय आहे" असं वाक्य होतं. ते काढलं. सहकाऱ्याने स्लाइडचे दोन भाग केले आणि प्रत्येक भागाखाली वयोगट लिहिला.

संस्थात्मक प्रसूतीच्या आलेखाचंही तसंच. ९०.३ वरून ९४.७ टक्के हे आकडे सर्वेक्षणाच्या वर्षात झालेल्या प्रसूतींचे नाहीत, त्याआधीच्या पाच वर्षांतल्या जन्मांचे आहेत. "२०१९-२१ मध्ये ९४.७ टक्के प्रसूती दवाखान्यात झाल्या" हे माझं वाक्य सरळ चूक होतं.

११ चिठ्ठ्या भरायला दीड दिवस गेला. चिठ्ठी भरलेली असली की भाष्य वीस मिनिटांत होतं, म्हणून तो दीड दिवस वाया गेला असं मी म्हणणार नाही.

७ फेब्रुवारी

प्रसूतीच्या आलेखावरच अडकले. दुसरा दांडा पहिल्याच्या जवळपास तिप्पट उंच दिसत होता आणि मी मजकुरात "लक्षणीय झेप" असं लिहिलं होतं. उभ्या रेषेवर नीट पाहिलं तर ती ८८ पासून सुरू होत होती. म्हणजे पहिल्या दांड्याची दिसणारी उंची २.३ आणि दुसऱ्याची ६.७. झेप दिसत होती ती अक्षामुळे.

सहकाऱ्याने अक्ष शून्यापासून लावला. आता दोन्ही दांडे सारखेच दिसायला लागले, आणि "मग यात सांगण्यासारखं काय उरलं?" असा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला. तासभर आकडे उलटसुलट करून पाहिल्यावर ध्यानात आलं की पर्यवेक्षिकेसाठी उपयोगाचा आकडा उरलेला आहे. दवाखान्याबाहेर होणाऱ्या प्रसूती १०० मागे ९.७ होत्या, त्या ५.३ वर आल्या. जवळजवळ निम्म्यावर. आलेख तोच ठेवला आणि भाष्य असं लिहिलं: "आधीच्या फेरीत दर १०० जन्मांमागे साधारण १० दवाखान्याबाहेर होत होते, आता ५. उरलेली ५ सगळ्या गावांत सारखी वाटलेली नसणार. तुमच्या बीटात ती कोणत्या पाड्यांवर आहेत हे गरोदर मातांच्या नोंदीतून काढता येईल."

१० फेब्रुवारी

रंगीत छपाईला दिलं. ११ पानं, ४० प्रती, पानाला ८ रुपये, एकूण ३,५२० रुपये. कार्यशाळेला अकरा दिवस बाकी होते. तेव्हाच द्यायची काहीएक गरज नव्हती. छापखान्यात गर्दी होईल या भीतीने दिलं.

११ फेब्रुवारी

या कामातली सगळ्यात मोठी चूक आज सापडली.

रक्तक्षयाच्या आलेखात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांचं प्रमाण ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेलेलं दिसतं. सादरीकरणातली सर्वांत मोठी उडी हीच. कारण द्यायलाच हवं असं वाटून मी लिहिलं होतं: "कोरोना काळात अंगणवाड्या बंद राहिल्याने व गोळ्या-सिरपचे वाटप खंडित झाल्याने ही वाढ झाली आहे." पाचव्या फेरीचं नावच २०१९-२१ आहे, त्यामुळे कोणालाही ते पटलं असतं. मला पटलं होतं, सहकाऱ्याला पटलं होतं, तपासणाऱ्या समन्वयक ताईंनाही पटलं होतं.

छापील प्रत हातात घेऊन "कधी मोजलं" ही जागा मूळ अहवालाशी ताडून पाहत होते. माझ्या चिठ्ठीत मी नुसतं "२०१९-२१" लिहून पुढे गेले होते. अहवालात महाराष्ट्रातल्या क्षेत्रकामाच्या तारखा स्वच्छ दिलेल्या आहेत: २० जून ते ३० डिसेंबर २०१९. ही फेरी दोन टप्प्यांत झाली आणि महाराष्ट्र पहिल्या टप्प्यात होता. राज्यात कोरोनाचा पहिला रुग्ण पुण्यात आढळला ९ मार्च २०२० रोजी. म्हणजे या मुलांच्या बोटातलं रक्त तपासलं गेलं तेव्हा टाळेबंदी हा शब्दही आपल्या कानावर आलेला नव्हता. २०१९-२१ हा काळ सगळ्या देशाच्या सर्वेक्षणाचा आहे, आपल्या राज्याचा नाही.

हे वाक्य छापील पानांवर तसंच वाटलं गेलं असतं तर चाळीस बायका ते घेऊन आपापल्या बीटात गेल्या असत्या. "आता अंगणवाड्या सुरू आहेत, म्हणजे प्रश्न सुटला" असा अर्थ त्यातून सहज निघतो. चुकीचं कारण देण्यातला खरा धोका हाच वाटतो. वाचणारा त्यावरून पुढचा निर्णय घेतो.

चाळीस प्रती बाजूला ठेवल्या. ३,५२० रुपये गेले. समन्वयक ताईंना फोन करून सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, आज कळलं. पण कारण कशाला लिहिलंत? आलेखात कारण आहे का?"

नव्हतं. आलेखात दोन आकडे होते.

१२ फेब्रुवारी

रक्तक्षयाचं भाष्य पुन्हा. आज फक्त हेच एक केलं.

पहिली अडचण वाढ कशी सांगायची ही. जुन्या मसुद्यात "रक्तक्षय २८ टक्क्यांनी वाढला" असं होतं. ५३.८ चे २८ टक्के म्हणजे १५.१, तेवढी वाढ, म्हणून गणित बरोबर. पण दांड्यांवर ५३.८ आणि ६८.९ असे टक्केच लिहिलेले असताना खाली २८ टक्के वाचलं की माणूस ५३.८ मध्ये २८ मिळवून ८२ करतो. कार्यालयातल्या तिघांना विचारलं, दोघांनी तसंच केलं. "१५.१ टक्केबिंदूंनी" असं लिहून पाहिलं, तर तो शब्द वाचताना प्रत्येकजण अडखळला. शेवटी टक्केच सोडून दिले: "आधी दर १०० मुलांमागे ५४ मुलांना रक्तक्षय होता, आता ६९ मुलांना." इथे कोणी अडखळलं नाही.

दुसरी अडचण मोजणीची. सर्वेक्षणात बोटाला (अगदी तान्ह्या मुलांच्या टाचेला) टोचून एक थेंब रक्त घेतात आणि हातात धरायच्या यंत्रावर हिमोग्लोबिन तपासतात. बोट दाबून थेंब काढला तर त्यात पेशींभोवतीचं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन कमी दिसतं. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतलं होतं. त्यात देशभरातल्या १ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये रक्तक्षय ४१ टक्के निघाला. त्याच मागच्या-पुढच्या काळात कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे देशाचे आकडे ५८.६ आणि ६७.१ आहेत. वयोगट थोडा वेगळा आहे, तरी इतका फरक नुसत्या वयाने पडत नाही.

मग आलेखच काढून टाकायचा का? यावर सहकाऱ्याशी बराच वेळ बोलले. त्याचं म्हणणं पटलं. चौथ्या आणि पाचव्या, दोन्ही फेऱ्यांत टोचून काढलेल्या थेंबावरच तपासणी झाली, म्हणून या दोघींची एकमेकींशी तुलना करता येते. "१०० पैकी ६९" हा आकडा मात्र दुसऱ्या कुठल्या सर्वेक्षणाच्या आकड्याशेजारी ठेवायचा नाही. हे भाष्यात सांगायला हवं, तेही दोन वाक्यांत.

तयार झालेला मजकूर असा:

"महाराष्ट्रात ६ ते ५९ महिन्यांच्या दर १०० मुलांमागे आधी ५४ मुलांना रक्तक्षय होता, पाचव्या फेरीत ६९ मुलांना आढळला. राज्यातली ही मोजणी जून ते डिसेंबर २०१९ मधली, म्हणजे कोरोनाच्या आधीची आहे. दोन्ही वेळा बोटातल्या थेंबावर तपासणी झाली. शिरेतून रक्त घेतलेल्या तपासणीशी हे आकडे जुळवू नयेत. वाढ का झाली हे या आलेखातून कळत नाही. या वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप मिळायला हवं. ते तुमच्या बीटात खरोखर पोटात जातं का, हे आशाताईंसोबत पाच घरी जाऊन पाहा."

शब्द सत्तरच्या पुढे गेले. जाऊ दिले.

१४ फेब्रुवारी

लुकडेपणाचा आलेख मी काढून टाकणार होते. चौथ्या फेरीत २५.६, पाचव्या फेरीत २५.६. दोन सारखे दांडे. बदलच नाही तर सांगायचं काय?

पर्यवेक्षिका ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "काढू नका. आमच्या बैठकीत नेहमी वाढलं की घटलं यावरच बोलणं होतं. जे हललंच नाही त्याकडे कोणी बघत नाही."

मग त्याच स्लाइडवर आणखी दोन गोष्टी आणल्या. देशाचा आकडा याच काळात २१.० वरून १९.३ वर आला. आणि महाराष्ट्राच्या २५.६ च्या आत तीव्र लुकडेपणाचा भाग ९.४ वरून १०.९ झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत १५ टक्क्यांच्या वर लुकडेपणा असेल तर तो "अति उच्च" समजतात. ही मोजपट्टी ठेवली की २५.६ ला "जैसे थे" म्हणता येत नाही.

खरी अडचण पुढे होती. अंगणवाडीच्या नोंदवहीत तीव्र कुपोषित मुलांना सॅम म्हणतात. ताईंनीच विचारलं, "माझ्या बीटात सॅमची मुलं मोजून नऊ आहेत. तुम्ही लिहिणार १०.९ टक्के. मग मी नोंदी लपवल्या असं साहेब म्हणणार ना?"

हे कोणत्याही आलेखावर दिसत नाही आणि पर्यवेक्षिकेसाठी यापेक्षा महत्त्वाचं दुसरं काही नाही. सर्वेक्षणात तीव्र लुकडेपणा उंचीच्या मानाने वजन किती यावर ठरवतात. अंगणवाडीत पहिली चाळणी बऱ्याचदा दंडाच्या पट्टीने होते, घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की मूल लाल रंगात. या दोन पद्धती काही मुलं सारखी पकडतात, पण सगळी नाही. एखादं मूल पट्टीवर हिरवं असतं आणि वजन-उंचीवर तीव्र लुकडं निघतं. शिवाय सर्वेक्षण त्या काळात राज्यात सापडलेल्या मुलांचं, नोंदवही या महिन्यात केंद्रात आलेल्या मुलांची. दोन्ही आकडे प्रामाणिक असूनही वेगळे असू शकतात.

भाष्यात लिहिलं: "हा आकडा तुमच्या नोंदवहीतल्या सॅमच्या आकड्याशी जुळणार नाही आणि न जुळणं म्हणजे नोंद खोटी असं नाही. पट्टीवर हिरवी आलेली पण बारीक दिसणारी मुलं वजन-उंचीवर पुन्हा तपासा." हे वाक्य प्रकल्प अधिकाऱ्यांच्या प्रतीत ठळक अक्षरात घ्यायला लावलं.

१६ फेब्रुवारी

जिल्ह्यांचा आलेख. ३६ जिल्हे बुटकेपणाच्या प्रमाणाने उतरत्या क्रमाने लावलेले, आपला जिल्हा लाल रंगात. दिसायला हा सगळ्यात देखणा. मी क्रमांक लिहिला होता आणि वर "दोन जिल्ह्यांनी मागे पडलो" असंही.

पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली ३१,६४३ कुटुंबं होती. ३६ ने भागलं तर जिल्ह्याला ९०० च्या आतच. त्यात पाच वर्षांखालची मुलं किती असतील? सोयीसाठी २५० धरली आणि बुटकेपणा ३५ टक्के धरून हिशेब केला:

```
=1.96*SQRT(0.35*0.65/250)
```

उत्तर ०.०५९. म्हणजे जिल्ह्याचा ३५ हा आकडा साधारण २९ ते ४१ मध्ये कुठेही असू शकतो. मुलं गावागावांच्या गटांतून निवडतात, त्यामुळे खरा पसारा याहून थोडा मोठाच. एवढ्या पसाऱ्यात आलेखावरचे शेजारचे पाच-सहा जिल्हे सहज एकमेकांच्या जागी बसतात. "दोन जिल्ह्यांनी मागे" या म्हणण्याला काही अर्थ नव्हता.

याच हिशेबाने मी पहिल्या आलेखाकडे परत गेले. राज्याचा नमुना मोठा असतो, पण ३४.४ आणि ३५.२ मधला फरकही इतका लहान आहे की "वाढला" असं ठामपणे म्हणायला तो पुरत नाही. तिथलं "चिंताजनक वाढ" खोडून "चार वर्षांत हललेला नाही, देशाचा मात्र ३८.४ वरून ३५.५ झाला" असं केलं.

आणखी एक बारीक गोष्ट. चौथी फेरी २०११ च्या जनगणनेच्या ६४० जिल्ह्यांवर होती, पाचवी ७०७ जिल्ह्यांवर. त्यामुळे चौथ्या फेरीतल्या ठाण्यात पालघर धरलेला आहे, पाचवीत तो वेगळा. आलेखात ठाण्यासाठी "बदल" दाखवणारा बाण होता, तो काढला.

जिल्ह्यांचा क्रम पुसून तीन गट केले: राज्याच्या आकड्यापेक्षा स्पष्ट जास्त, आसपास, स्पष्ट कमी. सहकाऱ्याला रंग बदलायला दोन तास लागले. आलेख आता तितका देखणा नाही.

१८ फेब्रुवारी

उरलेली सहा भाष्यं. चिठ्ठ्या तयार असल्याने सकाळी सुरू करून दुपारी तीनला संपली. एका आलेखाची चौथी जागा रिकामीच राहिली, तो काढला. दहा पानं झाली.

संध्याकाळी ताईंना आणि आणखी दोन पर्यवेक्षिकांना वाचायला दिली. यावेळी आलेख झाकून फक्त मजकूर वाचून दाखवला आणि कागदावर दांडे काढायला सांगितले. तिघींनी दहापैकी आठ ठिकाणी बरोबर काढले. दोन ठिकाणी चुकले, दोन्हीकडे माझ्या वाक्यात "त्या तुलनेत" असं होतं आणि कशाच्या तुलनेत ते नव्हतं. तिथे जिल्ह्याचं किंवा फेरीचं नाव घातलं.

१९ फेब्रुवारी

पुन्हा छपाई. दहा पानं, ४० प्रती, ३,२०० रुपये. यातली पाच पानं काळी-पांढरी चालली असती, हे छापून झाल्यावर सुचलं. एकूण खर्च ६,७२० रुपये झाला, ठरलेल्याच्या जवळपास दुप्पट.

२१ फेब्रुवारी

कार्यशाळा झाली. रक्तक्षयाच्या पानावर प्रकल्प अधिकाऱ्यांनी थांबवून विचारलं, "हे कोरोनामुळेच ना?" मी काही बोलण्याआधीच मागच्या रांगेतल्या एका पर्यवेक्षिकेने पान वर धरलं आणि "साहेब, दुसरं वाक्य वाचा" असं सांगितलं.

लुकडेपणाच्या पानावर सगळ्यात जास्त वेळ गेला, पाऊण तास. चार जणींनी आपापल्या बीटातले सॅमचे आकडे फळ्यावर लिहिले. दोन बीटांत वजन-उंचीची तपासणी सहा महिन्यांत झालेलीच नव्हती, कारण उंची मोजायची पट्टी तुटलेली. हे आमच्या कोणत्याही आलेखात येणार नव्हतं. ती दोन बीटं कोणती ते प्रकल्प अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं.

२४ फेब्रुवारी

फाइली `poshan_bhashya_v7` नावाने ठेवल्या, चिठ्ठ्या सोबत जोडल्या. "कधी मोजलं" या जागेपुढे आता दोन रकाने आहेत: फेरीचं नाव आणि राज्यातल्या क्षेत्रकामाच्या तारखा. दुसरा रकाना भरल्याशिवाय मजकूर समन्वयक ताईंकडे जाणार नाही. आज फोन आला, एका बीटात नवी पट्टी पोचली. दुसऱ्या बीटाची अजून बाकी आहे.